सेंटिमीटरचा हिशेब: जन्मजात तिळांची वाढ आणि जोखीम

शंभरातल्या साधारण एका बाळाच्या अंगावर जन्मतःच एखादा तपकिरी किंवा काळपट डाग असतो. हात फिरवला तर तो किंचित उंच लागतो, कधी कधी त्यावर केसही असतात. हा जन्मजात तीळ. वयाबरोबर चेहऱ्यावर, हातांवर येत राहणारे तीळ वेगळे आणि हा वेगळा. याच्या रंगपेशी गर्भातच त्वचेत साठलेल्या असतात. काही वेळा पेशी जन्मापासून असतात, पण त्यांच्यात पुरेसा रंग भरायला काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे जातात. जन्मल्या दिवशी न दिसलेला असा तीळ सव्वा वर्षाच्या पोराच्या मांडीवर ‘अचानक’ उगवल्यासारखा वाटतो. त्याचीही गणना जन्मजात तिळांतच होते.

बाळाच्या अंगावरचा प्रत्येक डाग मात्र तीळ नसतो. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर-राखाडी, मार लागल्यासारखे दिसणारे पट्टे असतात. ते पूर्ण सपाट असतात, त्यांच्या कडा आजूबाजूच्या त्वचेत विरलेल्या असतात आणि बहुतेक मुलांत ते शाळेत जाण्याच्या वयापर्यंत फिके पडतात. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे, एकसारख्या छटेचे सपाट डाग हा आणखी वेगळा प्रकार. या दोन्हींत तिळाच्या पेशींचे पुंजके नसतात. जन्मजात तिळाच्या आत छटा एकसारखी नसते, कुठे गडद तर कुठे फिकी. पृष्ठभाग खडबडीत असतो किंवा पुढे तसा होत जातो, आणि बरेचदा त्यात आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जाड, काळे केस उगवतात. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या प्रकाश असलेल्या भिंगातून पाहतात. जन्मजात तिळात त्यांना रंगाचे गोल ठिपके दिसतात, काही वेळा फरसबंदीसारखे एकमेकांना खेटून बसलेले.

या पेशी तिथे येतात कशा, हे समजले की आकाराचा प्रश्न सोपा होतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मुळात त्वचेत तयार होत नाहीत. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत, जिथून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या नळीच्या कडेला त्यांच्या पूर्वज पेशी जन्मतात आणि तिथून शरीरभर पसरत जातात. या प्रवासात एखाद्या पूर्वज पेशीच्या जनुकात एक बदल होतो, आणि तिच्यापासून वाढलेल्या सगळ्या पेशी तो बदल घेऊनच त्वचेत उतरतात. मोठ्या तिळांमध्ये हा बदल बहुतेक वेळा एनआरएएस या जनुकात सापडतो, तर लहान तिळांत बरेचदा बीआरएएफमध्ये. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारी यंत्रणा या बदलामुळे सुरूच राहते. बदल जितका लवकर झाला तितक्या जास्त पेशींत तो पोचतो, आणि तीळ तितका पसरट व खोल होतो.

हा बदल आई-वडिलांकडून आलेला नसतो. गर्भधारणेनंतर, बाळाच्याच एका पेशीत तो घडतो, त्यामुळे पुढच्या भावंडात तो पुन्हा येण्याची भीती जवळजवळ नसते. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले म्हणून बाळाच्या अंगावर डाग आला, हे अजूनही घराघरांत ऐकू येते. सुरीचा किंवा सावलीचा याच्याशी काहीही संबंध नाही. आईने गरोदरपणात काय खाल्ले, काय केले, यामुळेही तो होत नाही. तरीही हे बोलणे आईच्या कानावर पडतच राहते, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ते स्पष्टपणे खोडून काढायला हवे.

आता आकार. जन्मजात तीळ मोजताना डॉक्टर आजची लांबी फक्त नोंदवतात. वर्गवारी करतात ती त्या बाळाच्या प्रौढपणी होणाऱ्या लांबीवर. बाळ वाढते तसा तीळही त्याच्याबरोबर ताणला जातो, पण शरीराचे सगळे भाग सारख्या पटीत वाढत नाहीत. जन्मतः डोके आधीच मोठे असते, म्हणून प्रौढपणापर्यंत डोक्यावरचा तीळ साधारण 1.7 पट होतो. धड आणि हातांवरचा सुमारे 2.8 पट, पायांवरचा सुमारे 3.3 पट. या पटीने गुणून येणारी लांबी दीड सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीळ लहान, दीड ते वीस सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर मध्यम, वीसच्या वर मोठा आणि चाळीसच्या वर महाकाय. पाठ, कंबर आणि मांड्या झाकणारे महाकाय तीळ अंगावर चड्डी किंवा बंडी चढवल्यासारखे दिसतात. ते फार दुर्मीळ आहेत, वीस हजार बाळांमागे एक किंवा त्याहूनही कमी.

गुणाकाराचे महत्त्व एका उदाहरणातून कळते. दोन नवजात बाळे आहेत आणि दोघांच्याही अंगावर आठ सेंटिमीटरचा तीळ आहे. पहिल्याचा डोक्यावर. 8 गुणिले 1.7 म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून तो मध्यम. दुसऱ्याचा पाठीवर. 8 गुणिले 2.8 म्हणजे 22 सेंटिमीटरच्या वर, म्हणून तो मोठा. पट्टी लावली तर दोघे सारखे, पण पुढची काळजी निरनिराळी. पायावरचा जेमतेम एक सेंटिमीटरचा ठिपकासुद्धा याच हिशेबाने मध्यम गटात जातो. ‘मागच्या वर्षी एवढाच होता, आता केवढा झाला’ म्हणून घाबरलेल्या पालकांनाही हाच हिशेब समजावून सांगावा लागतो. मुलाबरोबर, त्याच्या शरीराच्या प्रमाणात वाढणारा तीळ म्हणजे तिळाची अपेक्षित वाढ. चिंता करायची ती मुलाला मागे टाकून वाढणाऱ्या तिळाची, किंवा तिळाचा एखादाच कोपरा बाकीच्यांपेक्षा वेगाने पुढे जात असेल तर त्याची.

ज्या आजाराची भीती असते तो म्हणजे मेलॅनोमा, रंगपेशींचा कर्करोग. जन्मजात तिळांवरच्या चौदा अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व आकारांचे मिळून 6,571 रुग्ण होते आणि त्यांपैकी 46 जणांना, म्हणजे 0.7 टक्क्यांना, मेलॅनोमा झाला होता. या सरासरीने मात्र फसगत होते, कारण आजारी पडलेल्यांपैकी बहुसंख्य हे चाळीस सेंटिमीटरहून मोठे तीळ असलेले होते. लहान आणि मध्यम तिळांत आयुष्यभराची जोखीम एक टक्क्याच्याही खाली राहते. वीस सेंटिमीटरच्या वर ती काही टक्क्यांवर जाते, आणि महाकाय तिळांत, विशेषतः त्यांच्याभोवती पुष्कळ छोटे तीळ विखुरलेले असतील तर, आणखी वर. यातले बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांतले आहेत. अशा ठिकाणी गंभीर रुग्णच जास्त पोचतात, त्यामुळे जुने आकडे प्रत्यक्षापेक्षा चढे असण्याकडे कल असतो.

पण आकाराने जोखीम नुसती कमी-जास्त होत नाही. ती कधी येते आणि कुठून येते हेही आकाराप्रमाणे बदलते. लहान तिळात मेलॅनोमा झालाच तर तो बहुधा वयात आल्यानंतर, प्रौढपणी होतो. तो त्वचेच्या वरच्या थरात, बरेचदा तिळाच्या कडेला सुरू होतो. म्हणजे तो डोळ्यांना दिसतो: कडेला नवी काळी जीभ फुटते, रंग बदलतो, एक बाजू दुसरीशी जुळेनाशी होते. मोठ्या तिळात तो लहानपणीच येऊ शकतो. अशा मेलॅनोमांपैकी मोठा वाटा, काही नोंदींत निम्म्याच्या आसपास, आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांतला आहे. वर सांगितलेल्या आढाव्यात निदानाचे मध्यक वय सात वर्षे निघाले होते. आणि तो सुरू होतो खोलवर. मोठ्या तिळाच्या पेशी केसांच्या मुळांभोवती, घर्मग्रंथींभोवती, रक्तवाहिन्या आणि नसांच्या कडेने चरबीपर्यंत, कधी त्याच्याही खाली स्नायूंपर्यंत उतरलेल्या असतात. तिथे बिघडलेली पेशी वरून दिसत नाही. वरचा रंग, वरची कड जशीच्या तशी राहते आणि आत गाठ वाढत असते. म्हणूनच मोठ्या तिळाच्या तपासणीत डॉक्टर डोळ्यांइतकाच बोटांवर भर देतात. सगळा तीळ इंच-इंच चाचपून पाहतात, आणि जवळच्या काखेतल्या, जांघेतल्या, मानेतल्या लसिका ग्रंथी सुजल्या आहेत का तेही तपासतात.

मोठ्या तिळाला धोका जास्त का, याचे एक कारण साधे आहे. त्यात बदललेल्या पेशींची संख्या प्रचंड असते. कर्करोग व्हायला त्या पहिल्या बदलावर आणखी बदल व्हावे लागतात, आणि जितक्या पेशी जास्त तितक्या अशा अपघाताच्या जागा जास्त. दुसरे कारण त्वचेच्या बाहेरचे आहे.

रंगपेशींच्या पूर्वजांचे घर आणि मज्जासंस्थेचे घर एकच, हे वर आले. त्यामुळे काही बाळांत त्याच बदललेल्या पेशी मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणांतही जाऊन बसलेल्या असतात. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकितान्स्की यांनी 1861 मध्ये या स्थितीचे पहिले वर्णन केले. बऱ्याच मुलांत या पेशी काहीच त्रास देत नाहीत. काहींत फिट्स येतात, मेंदूतले पाणी तुंबून डोक्याचा घेर वाढतो, विकास मागे पडतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या गटाने वर्षानुवर्षे अशी मुले पाहून 2017 मध्ये मांडलेले आकडे बोलके आहेत. जन्मजात तीळ असलेल्या ज्या मुलांचा मेंदूचा एमआरआय स्वच्छ होता त्यांच्यात मेलॅनोमाचे प्रमाण एक ते दोन टक्के, आणि ज्यांच्यात जन्मजात दोष दिसला त्यांच्यात बारा टक्के. शिवाय मोठे तीळ असलेल्या मुलांतला मेलॅनोमा त्वचेवर नसून मेंदूतही सुरू होऊ शकतो, तेव्हा त्वचा कितीही बारकाईने पाहिली तरी तो सापडायचा नाही.

या एमआरआयला वेळेची मर्यादा आहे. तो शक्यतो बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी करतात. नवजात मेंदूतल्या तंतूंवर अजून चरबीचे आवरण चढलेले नसते, त्यामुळे मेलॅनिन असलेल्या जागा प्रतिमेत लख्ख उठून दिसतात. आवरण चढत जाते तसे ते झाकोळले जातात. हा एमआरआय कुणाचा करायचा? फक्त महाकाय तीळ असलेल्या बाळांचाच नव्हे. जन्मतः दोन किंवा अधिक तीळ असतील तर, ते छोटे असले तरी, तो करावा असा सल्ला या गटाने दिला. अनेक तीळ असणे ही गर्भातला बदल लवकर झाल्याची आणि पेशी दूरवर पसरल्याची खूण आहे. एकच लहान तीळ असलेल्या धडधाकट बाळाला एमआरआयची गरज नसते.

ही देखरेख प्रत्यक्षात कशी चालते, हे मघाच्या दुसऱ्या बाळाच्या उदाहरणाने पाहू. पाठीवर आठ सेंटिमीटरचा तीळ आणि त्याशिवाय पोटावर, मांड्यांवर मिळून सहा छोटे तीळ. पहिल्या भेटीत सगळ्यांची जागा आणि माप एका आकृतीवर नोंदले जाते, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढले जातात. पुढे वर्षानुवर्षे तुलना होणार ती याच फोटोंशी, म्हणून दर वेळी प्रकाश आणि अंतर शक्य तितके सारखे ठेवतात. तिळांची संख्या एकाहून जास्त असल्यामुळे चौथ्या महिन्यात एमआरआय होतो आणि तो स्वच्छ निघतो. इथे कुटुंबाची निम्मी काळजी उतरते. तरी पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी भेट असते. त्या भेटीत डोक्याचा घेर, मान धरणे, बसणे या टप्प्यांकडेही लक्ष दिले जाते.

आठव्या महिन्यात तिळावर केस येतात, पृष्ठभाग शेंगदाण्याच्या टरफलासारखा खडबडीत होऊ लागतो. दोन्ही अपेक्षित. केस कापले किंवा वस्तऱ्याने काढले म्हणून कर्करोग होत नाही. दीड वर्षाच्या सुमारास पाठीवरच्या तिळात हरभऱ्याएवढी मऊ गाठ लागते. मोठ्या तिळांत अशा गाठी बऱ्याचदा येतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. काही आपोआप मऊ पडून लहान होतात. पण हाताला लागलेली नवी गाठ घट्ट असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा तिच्यावर व्रण पडला असेल, तर तिचा तुकडा काढून तपासायलाच हवा.

आणि अडचण नेमकी इथे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी गाठ आणि मेलॅनोमा कधी कधी इतके सारखे दिसतात की अनुभवी विकृतिशास्त्रज्ञही बिचकतात. अशा वेळी पेशींतली गुणसूत्रे तपासतात. निरुपद्रवी गाठीत अखंड गुणसूत्रे कमी किंवा जास्त झालेली सापडतात. मेलॅनोमात बहुधा गुणसूत्रांचे तुकडे पडलेले, एखादा भाग गळालेला, एखादा दुप्पट झालेला दिसतो. लहान मुलाच्या जन्मजात तिळाचा नमुना पाहण्याचा अनुभव असलेल्या प्रयोगशाळेकडे तो पाठवावा, हा आग्रह म्हणूनच. चुकीच्या निदानाने एखाद्या निरोगी बाळावर कर्करोगाचे उपचार होऊ शकतात, किंवा उलट.

आपल्या बाळाची गाठ निरुपद्रवी निघते. दुसऱ्या वर्षापासून भेटी सहा महिन्यांनी, वयात आल्यावर वर्षाने. आठ सेंटिमीटरचा तीळ विसाव्या वर्षी बावीस-तेवीस सेंटिमीटरचा होतो. रंग काही जागी उतरतो, अधूनमधून खाज सुटते. मोठ्या तिळावरची त्वचा कोरडी असते आणि तिच्यातून घामही कमी येतो, त्यामुळे खाज हे एकटे लक्षण घाबरण्याचे नसते. खाजेबरोबर गाठ, रक्त किंवा न भरणारी जखम असेल तर ते वेगळे.

मग तीळ कापूनच का टाकत नाहीत? लहान तीळ सहज काढता येतो, पण त्याची जोखीमच इतकी कमी की निव्वळ कर्करोग टाळायला म्हणून तो काढण्यात फारसा अर्थ नसतो. ज्यांना तो मोठेपणी काढायचा असेल ते तेव्हा काढू शकतात. मोठा तीळ काढायचा म्हणजे टप्प्याटप्प्याने कापणे, किंवा शेजारच्या निरोगी कातडीखाली पाण्याने फुगवायची पिशवी बसवून कातडी वाढवणे आणि मग ती तिळाच्या जागी ओढून घेणे. यात अनेक शस्त्रक्रिया, अनेकदा भूल आणि मोठे व्रण आले. तरीही चरबीत आणि स्नायूंत उतरलेल्या सगळ्या पेशी निघतच नाहीत, आणि मेंदूतल्या पेशींना तर शस्त्रक्रिया स्पर्शही करत नाही. मोठा तीळ काढल्याने मेलॅनोमा टळतो याचा भक्कम पुरावा नाही. चेहऱ्यावरच्या तिळामुळे मुलाला शाळेत सोसावे लागणारे टक लावून पाहणे हे शस्त्रक्रियेचे अधिक प्रामाणिक कारण आहे. तो निर्णय घरच्यांचा, आणि मूल कळते झाले असेल तर त्याचाही. लेझरने किंवा वरचा थर खरवडून रंग फिका करता येतो, पण खालच्या पेशी तशाच राहतात, रंग बरेचदा परततो आणि व्रणाच्या आड पुढचा बदल हेरणे अवघड होते. असे उपचार घेतलेल्या तिळावरही देखरेख चालूच ठेवावी लागते.

लहान तिळाचा मार्ग बराच सोपा आहे. एकदा डॉक्टरांनी पाहून निदान पक्के केले, एक चांगला फोटो काढून ठेवला, की बालपणी फार काही करावे लागत नाही. उन्हापासून इतर त्वचेइतकीच काळजी, शक्य तिथे कपड्याने झाकणे. घरी दोन-तीन महिन्यांनी एकदा, उजेडात, जुन्या फोटोशी ताडून पाहणे पुरते. बालवयातला मेलॅनोमा नेहमी काळाच असतो असे नाही. तो गुलाबी, लालसर, चटकन रक्त येणारा फोडही असू शकतो, आणि चामखीळ समजून त्यावर महिनोन्‌महिने मलम लावले जाते. म्हणून जन्मजात तिळाच्या आत आलेल्या कुठल्याही नव्या फोडाला घरचा उपाय करू नये. लहान तिळाच्या खऱ्या देखरेखीचे दिवस सुरू होतात ते मूल वयात आल्यावर, म्हणजे तो फोटो कपाटात विसरला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तेव्हा. पाठीवरचा किंवा डोक्यातला तीळ स्वतःला दिसत नाही. तो पाहायला आरसा किंवा दुसऱ्याचे डोळे लागतात, आणि केस कापणाऱ्यालाही सांगून ठेवले तर चालते.